छोटूच्या बॅगेतला कागद

पत्र: माझा धाकटा भाऊ येत्या सोमवारी अंबाजोगाईहून पुण्याला निघतोय. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, कॉलेजचंच होस्टेल. आजवर तो चार दिवससुद्धा घराबाहेर राहिलेला नाही. बोलतो कमी. दहावीपासून पप्पांच्या किराणा दुकानातली उधारीची वही तोच लिहितो. त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

‘छोटू, ऑल द बेस्ट रे. टेन्शन घेऊ नको. मस्त राहा. अभ्यास कर, वेळेवर जेव, रात्री जागू नको. वाईट संगतीला लागू नको. पप्पांनी तुझ्यासाठी किती केलंय ते विसरू नको. काही लागलं तर फोन कर. प्राऊड ऑफ यू.’

हेच नीट कागदावर लिहून त्याच्या बॅगेत ठेवावं असं वाटतंय. पण लिहायला बसले की निबंध होतो. कसं लिहू?
— एक ताई, अंबाजोगाई

उत्तर:

ताई, तुमच्या मेसेजमधला एक शब्द अजिबात हलवू नका, तो म्हणजे ‘रे’. त्या एका अक्षरात तुमचा आवाज आहे. बाकीचं सगळं बदललं तरी तो आवाज कागदावर उतरला पाहिजे, आणि नेमका तिथेच घोळ होतो. कोरा कागद समोर आला की शाळेतलं पत्रलेखन आठवतं. ‘चि. अमुक यास अनेक आशीर्वाद’ असा मायना येतो, त्याच्यामागे ‘उज्ज्वल भवितव्य’ आणि ‘यशाची शिखरं’ येतात. वाचणाऱ्या भावाला त्यात आपली ताई कुठे सापडत नाही.

म्हणून आधी लिहू नका, बोला. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि तो समोर बसून जेवतोय असं धरून दोन-तीन मिनिटं त्याच्याशी बोला. मग ते ऐकत ऐकत जसंच्या तसं उतरवून काढा. अर्धी वाक्यं पूर्ण करा, तेच तेच आलेलं गाळा, पण ‘तिकडं’चं ‘तिकडे’ करू नका आणि ‘पप्पां’चे ‘वडील’ करू नका. एक कसोटी पुरते: जो शब्द तुम्ही त्याच्याशी कधी तोंडाने बोललेला नाहीत, तो कागदावरही नको. ‘प्राऊड ऑफ यू’ तुम्ही खरंच म्हणत असाल तर राहू दे. फक्त टाईप करताना सुचलं असेल तर काढा. एवढ्या बोलण्याचा मजकूर एका फुलस्केप कागदाच्या दोन बाजूंत मावतो. त्याहून लांब नको, कारण हा कागद पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी आहे.

आता मेसेजमधली क्रियापदं मोजा. घेऊ नको, राहा, कर, जेव, जागू नको, लागू नको, विसरू नको, फोन कर. आठ आज्ञा, त्यांत चार ‘नको’. यातली एकही चुकीची नाही. पण ओळीने वाचल्या की ऐकणाऱ्याला काळजी ऐकू येत नाही, ‘हा काहीतरी बिघडवणार’ अशी घरच्यांची शंका ऐकू येते. समोरासमोर बोलताना आवाज आणि चेहरा ही धार बोथट करतात. कागदाला तोंड नसतं, तिथे ‘अभ्यास कर’ हे तेवढंच उरतं.

मराठीत यावर सोय आहे, तुम्ही ती रोज वापरता. ‘जेव’ म्हटलं की हुकूम होतो. ‘जेवत जा’ म्हटलं की रोजच्या सवयीची आठवण होते. ‘जेवून घे’ म्हणताना तुम्ही त्याच्या पोटाचा विचार करताय हे त्या ‘घे’मधून कळतं. ‘विचारून बघ’ म्हटलं की नाही जमलं तरी चालेल अशी मोकळीक मिळते. आणि ‘सांगून टाक’ म्हटलं की मनावरचं ओझं खाली ठेव असा अर्थ निघतो. तुमचा भाऊ कमी बोलणारा आहे, त्याच्यासाठी या ‘सांगून टाक’ला फार किंमत आहे. ‘फोन कर’ हे त्याच्यावर आणखी एक काम आहे, ‘सांगून टाक’ ही सुटका आहे.

पण क्रियापद मऊ केल्याने अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे आज्ञेच्या जागी माहिती घालायची. ‘वेळेवर जेव’ हे घ्या. अठरा वर्षांच्या मुलाला भूक लागली की जेवायचं असतं हे कळतं. त्याला हे माहीत नसतं की पुण्यात बऱ्याच मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि त्या संध्याकाळी बंद असतात. नवा मुलगा आठ वाजता खाली जातो, दाराला कुलूप दिसतं, बरोबर कोणी नसतं, मग तो बिस्किटांवर झोपतो. तेव्हा होस्टेलच्या ऑफिसला एक फोन करून मेस कधी बंद असते ते आत्ताच विचारून घ्या आणि पत्रात लिहा की त्या रात्रीसाठी अमुक पिशवीत अमुक ठेवलंय. दशम्या प्रवासात आणि पहिले दोन-तीन दिवस चालतील, रविवारपर्यंत टिकणार नाहीत. शेंगदाण्याची चटणी आणि लाडू टिकतात. विचारल्याशिवाय मात्र वेळ लिहू नका. पत्रातली एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्यांवरचा भरवसाही कमी होतो.

‘अभ्यास कर’चंही तसंच आहे. पहिल्या वर्षाला मुलं अभ्यासाच्या आळसाने कमी आणि अंदाज चुकल्याने जास्त अडकतात. बारावीपर्यंत कोणीतरी रोज मागे असतं. इथे सुरुवातीचे काही आठवडे कोणी काही विचारत नाही, त्यामुळे सगळं ढिलं वाटतं. मग सेमिस्टरच्या शेवटी जर्नल, ड्रॉइंगच्या शीट आणि असाइनमेंट एकदम तपासून घ्यायची वेळ येते. याला पोरं सबमिशन म्हणतात, आणि त्या आठवड्यात रात्री जागणारा मुलगा बहुतेक वेळा आळशी नसतो, त्याने प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर सही घेण्याचं राहू दिलेलं असतं. दुसरी अडचण हजेरीची. बहुतेक ठिकाणी अट ७५ टक्क्यांची असते. ऐकायला ती सोपी वाटते, पण हिशोब करून बघा: एखाद्या विषयाचे आठवड्याला चार तास असतील आणि दर आठवड्याला त्यातला एकच बुडाला, तरी टक्का बरोबर ७५ वर येऊन थांबतो. म्हणजे तापाने पडायला एक दिवसही शिल्लक नाही. उधारीची वही लिहिणाऱ्या मुलाला हा हिशोब एका ओळीत कळेल. त्याला ‘अभ्यास कर’पेक्षा हा हिशोब द्या.

याच हिशोबाला घराची ओढ जोडलेली आहे, म्हणून ‘टेन्शन घेऊ नको’ या वाक्यावर जरा थांबू. हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण ते दार लावून घेतं. टेन्शन आलंच तर आता ते ताईला सांगायचं कसं, तिने तर घेऊ नको म्हटलं होतं! त्याऐवजी पुढे काय होणार आहे ते त्याला आधी सांगून ठेवा. पहिला आठवडा रांगा, फॉर्म, ओळखपत्र, खोली लावणं यांतच निघून जातो आणि घरचे म्हणतात, ‘रमला की!’ बहुतेकांना आठवण येते ती त्यानंतर, गडबड ओसरल्यावर, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळच्या सुमारास. झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, सगळ्यांचे गट झालेत आणि आपणच उरलोय असं वाटतं. हे येणार हे आधीच माहीत असलेला मुलगा त्यातून ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असा अर्थ काढत नाही.

या दिवसांत ‘मग ये घरी’ म्हणायचा मोह होतो. दर शनिवार-रविवार येणाऱ्या मुलाची सवय मोडायला खूप वेळ लागतो, कारण ओळखी जुळतात त्या सुट्टीच्या दिवशीच आणि तो नेमका तेव्हा एसटीत असतो. शिवाय अंबाजोगाई काही तासाभरावर नाही. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी दुपारी पोहोचलं की प्रत्येक खेपेला सोमवारचे तास जातात, आणि वरचा ७५ चा हिशोब तिथेच ढासळतो. ‘येऊ नको’ असं लिहायचं नाही. तारीख लिहायची. पाच-सहा आठवड्यांनी येणारी एखादी जोडून सुट्टी कॅलेंडरमध्ये बघा, पप्पांशी बोलून घ्या आणि कागदावर ‘अमुक तारखेला तू घरी येणार’ असं ठरवून टाका. किती दिवस उरले हे मोजता आलं की ते दिवस सरतात.

याला मर्यादा आहे, तीही ध्यानात असू द्या. ही ओढ हळूहळू कमी व्हायला हवी. महिना उलटला तरी तो जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, वर्गात जाणं सोडून दिलं असेल, फोनवर ‘हो’, ‘बरं’ याखेरीज काही येत नसेल, तर पत्राने भागणार नाही. तेव्हा कोणीतरी जाऊन त्याला भेटा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आता तुमच्या मेसेजमधलं सगळ्यात जड वाक्य: ‘पप्पांनी तुझ्यासाठी किती केलंय ते विसरू नको.’ हे मी काढूनच टाकीन. तुमचा भाऊ ते विसरणारा नाही. तीन वर्षं दुकानाची वही लिहिणाऱ्याला फीचा आकडा तोंडपाठ असतो. हे वाक्य डोक्यात घेऊन गेलेला मुलगा पैसे संपले तरी मागत नाही, एका वेळचं जेवण टाळतो. चाचणीत कमी पडले तरी सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते पप्पांच्या पैशाचं नुकसान असतं. बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या मुलाला पहिल्या चाचणीत वीसपैकी आठ-नऊ पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. विषय नवे असतात, वेग वेगळा असतो. विषय राहिला तर पुन्हा देता येतो. पण लपवलेला एक विषय पुढच्या सेमिस्टरच्या विषयांत मिसळला की मग निस्तरणं अवघड होतं. बिघडतं ते लपवण्याने, आणि लपवायला लावतं ते हे वाक्य.

पैशाबद्दल लिहायचंच तर आकडा आणि तारीख लिहा. किती येणार, कोणत्या दिवशी येणार, त्यात काय काय धरलंय, कमी पडले तर कधी सांगायचं. आणि इथे मराठीची आणखी एक सोय वापरा. ‘आम्ही तुझ्यासाठी पैसे पाठवतो’ म्हटलं की तो पलीकडे उभा राहतो, तुम्ही सगळे अलीकडे. ‘आपल्या घरचे पैसे’ म्हटलं की तो आत येतो. पूर्ण पत्र लिहून झालं की सगळे ‘आम्ही’ शोधा आणि जिथे जमेल तिथे ‘आपण’ करा. एवढ्या एका बदलाने पत्राचा स्वभाव पालटतो.

‘वाईट संगत’ही काढा. दुसऱ्या दिवशी कोण चांगलं आणि कोण वाईट हे त्याला कळायला मार्ग नाही, त्यामुळे तो सगळ्यांपासूनच लांब राहील. कमी बोलणाऱ्या मुलाला तेच नको आहे. त्यापेक्षा ओळख व्हायला एखादं निमित्त त्याच्या हातात द्या. लाडवांचा डबा हे उत्तम निमित्त आहे: डबा उघडला की बोलावं लागत नाही, समोरचेच बोलतात.

रॅगिंगची भीती मात्र खरी आहे, पण तिची जागा या पत्रात नाही. प्रवेशाच्या वेळी त्याने आणि पप्पांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरलं असेलच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. एका वेगळ्या चिठ्ठीवर १८००-१८०-५५२२ हा यूजीसीच्या रॅगिंगविरोधी मदतकेंद्राचा मोफत क्रमांक, ११२, वरचा १४४१६, होस्टेलच्या रेक्टरांचा आणि पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर लिहा, त्याच्या पाकिटात ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी तोंडाने सांगा. नाव-गाव विचारणं वेगळं. रात्री उठवणं, अपमान करणं, पैसे किंवा कामं उकळणं हे रॅगिंग आहे, आणि ते पहिल्याच वेळी सांगायचं. प्रेमाच्या कागदात हेल्पलाइन आली की तो कागद सूचनाफलक होतो.

राहिलं कौतुक. ‘प्राऊड ऑफ यू’ कोणीही कोणालाही म्हणू शकतं. तुम्ही पत्रात सहज एक ओळ लिहिलीत, उधारीची वही तो लिहितो. पत्राचा कणा तीच ओळ आहे. ‘तू हुशार आहेस’ असं लिहू नका, कारण हुशारीचा दाखला पहिल्या चाचणीतच फाटू शकतो. त्याने केलेलं काम लिहा, कारण ते झालेलं आहे आणि आता कोणी ते काढून घेऊ शकत नाही. आणि ते काम तिथे कसं उपयोगी पडेल हे एका वाक्यात जोडा.

हे सगळं धरून मेसेजचा कागद असा होऊ शकतो. यातले तारखा, आकडे आणि बारीक तपशील मी धरून चाललोय, तिथे तुमच्या घरचे खरे घाला.

‘छोटू,

हा कागद रविवारीच उघडलास ना? आधी उघडला असशील तरी चालतंय रे.

आज खोलीत जरा शांत वाटत असेल. पहिला आठवडा रांगांतच जातो, घर आठवतं ते नंतर, अशा सुट्टीच्या दिवशी. आठवलं तर तुझं काही चुकलेलं नाही. सगळ्यांनाच होतं, फक्त पोरं एकमेकांना सांगत नाहीत. २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी आहे, तेव्हा तू घरी येणार हे पप्पांशी बोलून पक्कं केलंय. तोवर तुझी सायकल मी वापरतेय.

दहावीपासून तू दुकानाची वही लिहिलीस. महिनाअखेरीला दहा रुपयांचा फरक आला तरी जुळेपर्यंत उठायचा नाहीस. मी कितीदा जेवायला हाक मारली असेन. तिकडं तेच कामाला येणार आहे. एक छोटी वही कर, विषयाला एक पान, किती तास झाले आणि किती बसलास ते रोज मांडत जा. चारातला एक बुडाला की ७५ टक्के, हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. प्रॅक्टिकल झालं की जर्नलवर त्याच आठवड्यात सही घेऊन टाक, म्हणजे शेवटी रात्री जागायला लागणार नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला ३,००० रुपये खात्यात येतील. मेसचे वेगळे भरलेत. कमी पडायला लागले तर २० तारखेलाच सांगून टाक. हे आपल्या घरचे पैसे आहेत, उधारी नाही. तुझ्या वहीत हे मांडायचे नाहीत.

रविवारी रात्री ९ ला मी फोन करीन. बोलायला काही नसलं तर भाजी कसली होती तेवढं सांग. मधेच कधी बोलावंसं वाटलं आणि काय लिहावं ते सुचलं नाही, तर नुसतं “ताई” एवढंच पाठव. मी फोन करते. मार्क कमी पडले, विषय राहिला, कोणाशी भांडण झालं, काही असलं तरी आधी मला सांगून टाक. पप्पांना कधी आणि कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू. तब्येत बिघडली किंवा कोणी त्रास दिला तर मात्र मी थांबणार नाही, त्याच दिवशी पप्पांना घेऊन निघेन.

आज रात्री मेस बंद आहे. निळ्या पिशवीत चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू आहेत. डबा खोलीतल्या पोरांपुढं पण कर. आणि पोटभर जेवून घे.

ताई’

बघा, ‘कर’, ‘पाठव’, ‘सांग’ यांत अजूनही आहेत, पण प्रत्येकाच्या शेजारी कारण किंवा सोय आहे. ‘नको’ एकही उरलेला नाही. पप्पांबद्दलच्या परिच्छेदात एक मर्यादा मुद्दाम घातली आहे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मोठ्या बहिणीने देऊ नये, कारण एखाद्या दिवशी ते मोडावं लागेल, आणि मोडलं की तो पुन्हा सांगणार नाही. कोणती गोष्ट आपल्या दोघांत राहील आणि कोणती राहणार नाही हे आधीच सांगितलं की त्याला निवड करता येते.

‘ताई’ एवढाच शब्द पाठवण्याची युक्ती कमी बोलणाऱ्यांसाठी फार उपयोगी आहे, पण ती चालते एकाच अटीवर: तो शब्द आला की तुम्ही खरंच फोन केला पाहिजे, कामावर असाल तर निदान ‘सातला करते’ असं लगेच लिहिलं पाहिजे. पहिल्याच वेळी उत्तर गेलं नाही तर तो दुसऱ्यांदा पाठवणार नाही. रविवारच्या नऊच्या फोनचंही तेच. आणि त्या फोनवर ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ असे हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळा. ‘भाजी कसली होती’ याला काहीतरी शब्द वापरावाच लागतो, आणि एकदा भाजीवर बोलणं सुरू झालं की पोरगं हळूच बाकीचंही बोलतं.

‘मम्मी रोज रडते’, ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ असली वाक्यं लिहिता लिहिता हमखास येतात. ती खरी असली तरी गाळा. तो लांब आहे, त्यावर त्याला काही करता येणार नाही, आणि ती वाचून तो आपलं दुःख तुमच्यापासून लपवेल. मी सायकलचं वाक्य घातलंय ते त्यासाठीच: घर चालू आहे, आणि त्यात त्याची जागा आहे, एवढं त्यातून कळतं.

लिहिताना बॉलपेन वापरा. जेल पेनची आणि शाईची अक्षरं ओल्या हाताने पसरतात, आणि पावसाळ्यात होस्टेलमध्ये कपडे-पुस्तकं सगळंच दमट असतं. खाडाखोड झाली तर कागद बदलू नका, ती राहू दे. चार घड्या घालून पाकिटात ठेवा आणि वर ‘पहिल्या रविवारी’ एवढंच लिहा. ते पाकीट प्रवेशाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवू नका. ती फाइल पहिल्या दिवशी खिडकीवर चार माणसांसमोर उघडते. खाऊच्या पिशवीतही नको, चटणीचं तेल कागदाला लागतं. जाड चादरीच्या घडीतही नको, ती पहिल्याच रात्री खोलीत सगळे असताना उलगडली जाईल. तो रोज काढत नाही पण रविवारी काढेलच अशी जागा शोधा: कपडे धुण्याच्या साबणाच्या पुड्याशेजारी, किंवा बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात. तिथे ठेवलंय हे रविवारी सकाळी एका ओळीत कळवलं तरी चालेल.

पत्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका, आत्याला वाचून दाखवू नका. आणि त्या रविवारी रात्री नऊला फोन कराल तेव्हा ‘वाचलंस का?’ असं विचारू नका. तो स्वतः बोलला तर बोलला. नाही बोलला आणि ‘लाडू संपले’ एवढंच म्हणाला, तर ते पत्राचंच उत्तर समजा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुमचा तो मेसेजही वाया जाऊ देऊ नका. सोमवारी रात्री एसटी सुटल्यावर त्यातली पहिली ओळ तेवढी पाठवा, ‘छोटू, ऑल द बेस्ट रे’, आणि खाली विचारा की खिडकीची जागा मिळाली का.